कॉफी: बिया घ्याव्यात की दळलेली पूड?

कॉफीचा वास भाजताना तयार होतो, बी अखंड असेपर्यंत तिच्या आत बऱ्यापैकी टिकतो आणि दळल्यावर झपाट्याने उडू लागतो. बिया घ्याव्यात की दळलेली पूड, या प्रश्नाचे मूळ या एका गोष्टीत आहे. वास किती वेगाने उडतो, त्यातला कोणता भाग आधी जातो आणि कॉफी कशी करून प्यायची आहे, हे कळले की उत्तर मिळते. ते प्रत्येक घरासाठी एकच नसते. बिनदुधाची काळी कॉफी पिणाऱ्याने शक्यतो बियाच घ्याव्यात. दूध-साखर घालून रोज फिल्टर कॉफी पिणाऱ्या कुटुंबाला मात्र दुकानात समोर दळून घेतलेली पूड पुरते, आणि पुष्कळदा तीच सोयीची ठरते.

भाजलेल्या बीच्या आत काय असते

कच्च्या कॉफीच्या बीला कॉफीचा वास नसतो. ती हिरवट-राखाडी, कडक आणि दाट असते. भाजताना तिचे तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. आतले पाणी वाफ होऊन निघून जाते, बी फुगते, तिचे वजन साधारण सहावा हिस्सा घटते आणि साखर व प्रथिनांच्या घटकांमध्ये रासायनिक क्रिया होऊन शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. त्याच क्रियांमधून कार्बन डायऑक्साइडही बनतो. त्यातला पुष्कळसा भाजतानाच निघून जातो. उरलेला बीच्या वजनाच्या एक-दीड टक्का असतो आणि आत अडकून राहतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण एक किलो भाजलेल्या बियांमधला हा वायू मोकळा झाला, तर पाच लिटर किंवा त्याहून जास्त जागा व्यापतो.

हा वायू आणि सुगंध दोन्ही बीच्या पेशींमध्ये बंद असतात. एकेका पेशीचा आकार मिलिमीटरच्या तीस-चाळीस हजारांश भागाएवढा असतो. पेशीच्या भिंती भाजल्यावर ठिसूळ होतात, तरी बंद राहतात. आत तेलाचा पातळ थर असतो. अरेबिका जातीच्या बीमध्ये वजनाच्या साधारण पंधरा टक्के तेल असते, रोबस्टामध्ये दहा टक्क्यांच्या आसपास. बरेच सुगंधी पदार्थ या तेलात विरघळलेले असतात. कोंडलेला वायू हळूहळू बाहेर पडत असल्यामुळे बाहेरच्या हवेला आत शिरायला वाव कमी मिळतो. अशा रीतीने अखंड बी हे स्वतःच एक बंद पात्र असते.

या पात्रातले काही पदार्थ अतिशय चंचल असतात. ताज्या कॉफीच्या वासात मिथेनथायॉल नावाचा गंधकयुक्त पदार्थ महत्त्वाचा आहे. त्याचा उत्कलनबिंदू सहा अंश सेल्सिअस आहे, म्हणजे मोकळा झाला तर तो घरातल्या तापमानाला वायूच असतो. हलका, फळासारखा वास देणारा ॲसिटाल्डिहाइड साधारण वीस अंशांना उकळतो. पेशीत आणि तेलात अडकले आहेत तोवरच हे पदार्थ कॉफीत राहतात. दुसरा एक महत्त्वाचा पदार्थ म्हणजे फरफ्युरिलथायॉल. हेर्मान स्टाउडिंगर आणि टाडेउश राइकश्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात कॉफीच्या वासाची फोड करताना तो वेगळा काढला. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. भाजलेल्या कॉफीचा जो ओळखीचा वास, त्याचा मोठा वाटा या पदार्थाचा. एक लाख लिटर पाण्यात तो एखादा मिलिग्रॅम असला तरी नाकाला कळतो. पण हवेतल्या प्राणवायूशी त्याचे जमत नाही. ऑक्सिडीकरण होऊन तो लवकर नाहीसा होतो.

दळल्यावर काय बदलते

दळण्याने बीचे लहान तुकडे होतात, एवढेच वरवर दिसते. खरा फरक पृष्ठभागात पडतो आणि तो साध्या हिशेबाने कळतो. बी सहा मिलिमीटर व्यासाची गोळी आहे असे धरू. तिचे अर्ध्या मिलिमीटरचे कण केले, तर एका बीचे सुमारे सतराशे कण होतात आणि हवेला लागणारा एकूण पृष्ठभाग बारापट होतो. कण ०.३ मिलिमीटरचे केले, तर कणांची संख्या आठ हजारांवर जाते आणि पृष्ठभाग वीसपट होतो. प्रत्यक्षात कण ओबडधोबड असतात आणि त्यांत पिठासारखा बारीक चुराही असतो, त्यामुळे खरा पृष्ठभाग याहून जास्तच भरतो.

पृष्ठभागाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ०.३ मिलिमीटरच्या कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दहा पेशी बसतात. म्हणजे कणातल्या निम्म्याच्या आसपास पेशी बाहेरच्या थरातच येतात आणि त्यांतल्या कित्येक फुटलेल्या असतात. बंद पात्र उघडे पडते. आतल्या वायूला आणि सुगंधाला बाहेर पडायला आता मिलिमीटरभर अंतरही कापावे लागत नाही.

याचा पहिला परिणाम लगेच दिसतो. दळताना आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत बीमधल्या कार्बन डायऑक्साइडचा पाव हिस्सा ते निम्म्याहून थोडा जास्त भाग निघून जातो. जाडसर दळणातून कमी जातो, बारीक दळणातून जास्त. जाताना तो चंचल सुगंधी पदार्थही सोबत नेतो. कॉफी दळली की घरभर घमघमाट सुटतो, तो याचाच. नाकाला तो सुखावतो, पण जेवढा वास खोलीत दरवळला तेवढा कपात येणार नाही. जायफळाची पूड करून न ठेवता ते कॉफीत लागेल तेव्हाच किसतात, त्यामागेही हेच कारण आहे.

वास किती वेगाने जातो

दळलेल्या कॉफीचा वास एकाच गतीने कमी होत नाही. त्यात तीन वेगवेगळ्या क्रिया चालतात आणि त्यांचा वेगही वेगवेगळा असतो.

पहिली क्रिया उडून जाण्याची. ती मिनिटांत आणि तासांत मोजायची. मिथेनथायॉल, ॲसिटाल्डिहाइड यांसारखे हलके पदार्थ आधी जातात. त्यामुळे वासातला ताजेपणा, फुला-फळांची छटा आणि किंचित गोडसर झाक सर्वांत आधी ओसरते. व्यावसायिक चव-परीक्षणात हे गृहीतच धरलेले असते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या चव-परीक्षणाच्या पद्धतीनुसार नमुना पाणी ओतण्याआधी जास्तीत जास्त १५ मिनिटे दळलेला असावा. ते शक्य नसेल तर पूड झाकून ठेवून अर्ध्या तासाच्या आत पाणी ओतावे. घरच्या कपासाठी एवढे काटेकोर राहण्याची गरज नसते. पण कॉफीचे मोल ठरवणारी माणसे तासांत नव्हे, मिनिटांत हिशेब करतात, हे यातून दिसते.

दुसरी क्रिया ऑक्सिडीकरणाची. ती दिवसांत मोजायची. हवेतला प्राणवायू गंधकयुक्त सुगंधी पदार्थांवर क्रिया करतो आणि भाजल्याचा खमंग वास बोथट होत जातो. इथे प्राणवायूचे प्रमाण निर्णायक ठरते. पाकिटातल्या हवेत प्राणवायू दहावा हिस्सा टक्क्यावरून एक टक्क्याच्या आसपास गेला, तरी कॉफी बिघडण्याचा वेग सुमारे दहापट होतो. मोकळ्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. म्हणजे डब्याचे झाकण रोज दोनदा उघडणे हे पुडीच्या दृष्टीने फारच नुकसानीचे आहे.

तिसरी क्रिया तेल खवट होण्याची आणि ओल धरण्याची. ती आठवड्यांत मोजायची. भाजलेल्या कॉफीत पाणी दोन-तीन टक्केच उरलेले असते, त्यामुळे ती भोवतालची ओल झटकन ओढून घेते. ओल शिरली की बाकीच्या क्रियांनाही वेग येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत हवेत जो दमटपणा असतो, त्यात उघडी राहिलेली पूड उन्हाळ्यातल्यापेक्षा कितीतरी लवकर उतरते.

या तिन्ही क्रिया मिळून व्यवहारात कॅलेंडर साधारण असे पडते. दळल्यानंतर पहिल्या तासाभरात काळ्या कॉफीतली सर्वांत नाजूक छटा जाते. दुसऱ्या दिवशी, ताज्या दळणाचा कप शेजारी ठेवला, तर फरक बहुतेकांना कळतो. शेजारी ठेवला नाही, तर कित्येकांना कळत नाही. आठवडाभरानंतर तुलनेशिवायही वास फिका वाटू लागतो. दोन आठवड्यांनंतर, डबा रोज उघडत असेल तर, उरतो तो कडूपणा, काळपट रंग आणि एक सपाट, जुनाट वास. अखंड बियांचे पाकीट उघडल्यावर हाच प्रवास व्हायला तीन-चार आठवडे लागतात. भाजणी किती गडद आहे, दळण किती बारीक आहे आणि हवा किती उष्ण व दमट आहे, यांवर हे आकडे पुढेमागे होतात. गडद भाजलेल्या बियांच्या पेशी जास्त ठिसूळ आणि सच्छिद्र असतात, तेल वर आलेले असते, म्हणून त्या लवकर उतरतात.

काय जात नाही

शिळी पूड निकामी होत नाही, याचे कारणही समजून घ्यायला हवे. कॅफिन उडत नाही. कडवटपणा देणारे पदार्थ, रंग आणि पाण्यात उतरणारा बाकीचा अर्क जवळपास तसाच राहतो. महिनाभर जुन्या पुडीचे डिकॉक्शनही काळेभोर आणि कडक निघते आणि तरतरी तितकीच देते. जाते ती वासातली वरची पट्टी, म्हणजे ताजेपणा, गोडसरपणा आणि एका मळ्याची कॉफी दुसऱ्या मळ्याहून वेगळी वाटायला लावणारे बारकावे. धुरकट, मसालेदार वासाचे जड पदार्थ त्या मानाने बराच काळ टिकतात.

म्हणून कॉफी कशी प्यायची, हा प्रश्न इथे येतो. काळ्या कॉफीत त्या वरच्या पट्टीशिवाय दुसरे झाकण नसते. ती गेली की फरक उघडा पडतो. दूध घातले की त्यातला स्निग्धांश आणि प्रथिने सुगंधी पदार्थांना धरून ठेवतात, त्यामुळे वास मुळातच मंद होतो. साखर कडूपणा झाकते. चिकोरी स्वतःचा गोडसर-करपट वास आणि दाटपणा देते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कॉफी दुधात उकळून जायफळ-वेलची घालून करतात. अशा कॉफीत उकळी चंचल सुगंध उडवते आणि उरलेल्यावर जायफळाचा वास बसतो. त्या कॉफीसाठी बिया आणून दर वेळी दळणे म्हणजे जे टिकणारच नाही ते जपण्यासाठी केलेली मेहनत होय.

पाकीटबंद पूड

पाकीटबंद पूड कित्येक महिने कशी चालते, याचे उत्तर प्राणवायूत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्स कंपनीने १९०० मध्ये हवा काढून बंद केलेल्या डब्यातून कॉफी विकायला सुरुवात केली. दळलेली कॉफी दूरवर पाठवणे आणि दुकानात साठवणे त्यामुळे शक्य झाले. आज विटेसारखी घट्ट पाकिटे मिळतात, ती याच तत्त्वावर. काही पाकिटांत हवेऐवजी नायट्रोजन भरतात. आणखी काहींना बटणासारखी एकमार्गी झडप असते. आतला वायू तिच्यातून बाहेर पडतो, पण हवा आत येत नाही.

घट्ट पाकिटामागे एक तडजोड दडलेली असते. ताज्या पुडीतून वायू निघत असतो. ती लगेच बंद केली, तर पाकीट फुगते किंवा फुटते. म्हणून कारखान्यात पूड काही तास मोकळी ठेवून तिच्यातला वायू जाऊ देतात आणि मग ती बंद करतात. त्या तासांत काही सुगंधही जातोच. म्हणजे चांगले बंद केलेले पाकीट पुढचे बिघडणे रोखते. जे आधीच गेले ते परत आणू शकत नाही. आणि पाकीट उघडले, की आतली पूड बाकी कोणत्याही पुडीच्याच वाटेने जाते. पाकिटावरची ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ ही सूचना न उघडलेल्या पाकिटासाठी असते. उघडल्यानंतर ती तारीख विसरून दोन आठवड्यांचा हिशेब धरावा.

चक्की कोणती, हा खरा प्रश्न

घरी दळलेली कॉफी नेहमीच सरस, असे सरसकट म्हणता येत नाही. पाणी कणातून अर्क काढते, आणि लहान कणातून तो लवकर निघतो, मोठ्या कणातून उशिरा. सगळे कण साधारण सारखे असतील तर अर्क सारखा उतरतो. एकाच पुडीत पीठ आणि कण्या दोन्ही असतील, तर पीठ कडू अर्क सोडते आणि कण्यांमधला चांगला भाग तसाच राहतो. कप एकाच वेळी कडू आणि पाणचट लागतो.

घरातल्या मिक्सरमध्ये नेमके हेच घडते. त्याचे पाते बिया तोडते, पण किती तोडायच्या यावर ताबा नसतो. पात्याजवळचे पीठ होते, कडेचे तुकडे जाडच राहतात. जास्त वेळ फिरवले तर पूड गरम होते आणि वास तिथेच उडू लागतो. मिक्सरच वापरायचा असेल, तर थोड्या बिया घेऊन दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत, मधे भांडे हलवावे आणि शेवटी चाळणीने कण्या वेगळ्या काढाव्यात. मसाल्याचे भांडे कॉफीसाठी वापरू नये. धने-मिरचीचा वास कॉफी लगेच उचलते.

दोन दातेरी चकत्यांमधून बिया भरडणारी चक्की, हाताची असो वा विजेची, कण सारखे पाडते, कारण चकत्यांमधल्या फटीपेक्षा मोठा तुकडा खाली पडूच शकत नाही. कॉफीच्या दुकानातली मोठी चक्की याच जातीची असते. म्हणून घरी मिक्सरच असेल, तर मिक्सरमधल्या ताज्या, वेड्यावाकड्या दळणापेक्षा दुकानातले चार दिवसांपूर्वीचे सारखे दळण फिल्टरमध्ये पुष्कळदा चांगला कप देते.

पूड घेणे केव्हा योग्य: फिल्टर कॉफीचा हिशेब

दक्षिण भारतात आणि मुंबईत माटुंग्यासारख्या भागात भाजलेल्या बिया समोर दळून देणारी दुकाने आहेत. गिऱ्हाईक जात आणि चिकोरीचे प्रमाण सांगते, म्हणजे ‘पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मे-निम्मे, ८०-२०’ असे. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच धरलेली गोल बी, प्लँटेशन ए म्हणजे धुतलेल्या अरेबिकाची मोठ्या आकाराची प्रत आणि ८०-२० म्हणजे ८० टक्के कॉफीला २० टक्के चिकोरी. पाकीटबंद मिश्रणात भारतीय नियमांनुसार कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते.

चिकोरी हे पूड घेण्याचे एक ठोस कारण आहे. ती बी नव्हे. एका झाडाचे मूळ सुकवून, भाजून तिची पूड करतात. बियांसोबत ती घरच्या चक्कीत दळता येत नाही. तिच्यातल्या साखरेमुळे ती ओल धरते आणि चक्कीला चिकटते. बिया आणि चिकोरीची पूड वेगवेगळी आणून घरी मिसळणे शक्य आहे, पण रोजच्या धावपळीत ते थोडेच लोक करतात.

दुसरे कारण पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरच्या कामात आहे. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालून सच्छिद्र चकतीने हलकेच दाबतात आणि वरून उकळते पाणी ओततात. डिकॉक्शन थेंबथेंब खालच्या भांड्यात उतरायला वीस-तीस मिनिटे लागतात. पूड जाड असेल तर पाणी पाच-सात मिनिटांत निसटते आणि डिकॉक्शन पातळ निघते. पिठासारखी बारीक असेल तर छिद्रे तुंबतात आणि तासाभरानेही भांडे अर्धेच भरते. दुकानदाराला ‘फिल्टरसाठी’ एवढे सांगितले की तो योग्य फट लावतो आणि ती दर वेळी तशीच येते.

आता हिशेब. तीन माणसांचे कुटुंब सकाळ-संध्याकाळ एकेक कप पिते, म्हणजे दिवसाला सहा कप. कपाला आठ ग्रॅम पूड धरली, तर रोज सुमारे ५० ग्रॅम लागते. पाव किलो पूड पाच दिवसांत संपते. ती फिकी पडायच्या आधीच डबा रिकामा होतो, आणि वर दूध, साखर, चिकोरी असल्यामुळे शेवटच्या दिवसाचा कपही पहिल्यासारखाच लागतो. या कुटुंबाने बिया आणि चक्की यांवर पैसे घालण्याचे कारण नाही. मात्र स्वस्त पडते म्हणून एकदम दोन किलो आणले, तर तीच पूड चाळीस दिवस चालेल आणि शेवटचे तीन-चार आठवडे शिळीच प्यावी लागेल.

दुसरे उदाहरण शनिवार-रविवारी एकेक कप काळी कॉफी पिणाऱ्या एकट्या माणसाचे. कपाला १५ ग्रॅम धरले, तर आठवड्याला ३० ग्रॅम होतात. पाव किलो पूड त्याला आठ आठवडे पुरेल. पहिले दोन आठवडे सोडले तर पुढे कपात फक्त कडूपणा येत राहील. त्याने बियाच घ्याव्यात, शक्यतो १०० ते १५० ग्रॅमची पाकिटे, आणि हाताची चकत्यांची चक्की बाळगावी.

एस्प्रेसोचा प्रकार वेगळा आहे. त्यात दाबाखालचे पाणी पुडीतून अर्ध्या मिनिटाच्या आत जाते आणि दळण केसभर बदलले तरी कप बिघडतो. बियांच्या वयानुसार रोज चक्की थोडी फिरवावी लागते. दळून आणलेल्या पुडीत ते करता येत नाही. एस्प्रेसो यंत्र घेतले की चक्की घेणे ओघाने आलेच. एका कपाची पूड नायट्रोजनमध्ये बंद करून विकली जाणारी कॅप्सूल हा त्यावरचा तयार तोडगा आहे.

घेताना आणि ठेवताना

दुकानात पूड घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: बिया केव्हा भाजल्या आणि समोर दळून मिळतील का. महिनाभर पोत्यात पडलेल्या बिया आज दळल्या म्हणून पूड ताजी होत नाही. नुकत्याच भाजलेल्या बियाही लगेच उत्तम लागत नाहीत. पहिले काही दिवस त्यांच्यात इतका वायू असतो की फिल्टरमध्ये पूड फुगून पाण्याला नीट भिजू देत नाही. भाजल्यापासून चार-पाच दिवस ते तीन आठवडे हा काळ साधारण चांगला. चक्कीत आधीच्या गिऱ्हाईकाची पूड थोडी अडकलेली असते, म्हणून पहिली मूठभर बाजूला काढायला सांगण्यात गैर नाही.

घरी आणल्यावर पूड लहान डब्यात, काठोकाठ भरून ठेवावी. मोठ्या डब्यात तळाशी मूठभर पूड म्हणजे डबाभर प्राणवायू. आठवड्याची पूड हाताशी ठेवून बाकीची वेगळ्या बंद पाकिटात ठेवली, तर रोजच्या उघडझापीचा त्रास फक्त पहिल्या डब्याला होतो. डबा शेगडीपासून आणि उन्हापासून दूर, कोरड्या जागी असावा. चमचा कोरडा असावा. रोज वापरायचा डबा फ्रिजमध्ये ठेवू नये. गार डबा बाहेर काढून उघडला की दमट हवेतले पाणी पुडीवर जमते आणि फ्रिजमधल्या भाज्या-चटण्यांचा वासही लागतो. जास्तीची कॉफी फ्रीझरमध्ये चालते, पण एकदाच वापरायच्या लहान, हवा काढलेल्या पाकिटांत, आणि पाकीट उघडण्याआधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

शिळेपणा कसा ओळखावा

सर्वांत सोपी परीक्षा गरम पाण्याची आहे. काचेच्या पेल्यात दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, बिनचिकोरीची पूड घेऊन तिच्यावर उकळी बसलेले दीडशे मिलिलिटर पाणी ओतावे. पूड ताजी असेल तर वायू सुटून ती वर घुमटासारखी फुगते आणि तांबूस फेसाचा जाड थर मिनिटभर टिकतो. शिळी असेल तर थोडे बुडबुडे येऊन थर सपाट पडतो आणि पूड खाली बसू लागते. ही परीक्षा वायू मोजते, चव नव्हे. विटेसारख्या पाकिटातली पूड आधीच वायू काढलेली असल्यामुळे फारशी फुगत नाही, तरी ती खवट असेलच असे नाही. अशा वेळी नाकावर भिसावे. जुन्या शेंगदाण्यासारखा, पुठ्ठ्यासारखा किंवा थंड राखेसारखा वास येत असेल, तर तेल उतरलेले आहे.

आपल्याला स्वतःला किती फरक जाणवतो, हे तपासायला दुसरी परीक्षा आहे. एकाच दुकानातून एकाच दिवशी पाव किलो बिया घ्याव्यात, निम्म्या तिथेच दळून घ्याव्यात आणि उरलेल्या अखंड ठेवाव्यात. आठव्या दिवशी अखंड बियांपैकी थोड्या त्याच दुकानात, त्याच फटीवर दळून आणाव्यात आणि घरी आल्यावर लगेच कॉफी करावी. तीन कपांपैकी दोन एका पुडीचे, एक दुसरीचा, असे घरातल्या कोणी तरी न सांगता मांडावेत आणि वेगळा कप ओळखायचा प्रयत्न करावा. आधी काळी कॉफी, मग नेहमीची दूध-साखरेची. नुसत्या नशिबावर तीनांत एकदा ओळख पटतेच, म्हणून मांडणी बदलत पाच-सहा वेळा करून पाहावी. काळ्या कॉफीत वेगळा कप बहुतेक वेळा सापडत असेल आणि दुधाच्या कॉफीत सापडत नसेल, तर त्या घरापुरते उत्तर मिळाले: काळ्या कॉफीसाठी बिया, दुधाच्या कॉफीसाठी आठवडाभर पुरेल एवढी पूड.